धरण आधी की सुबत्ता आधी?

एखादा संशोधक देशभरातल्या जिल्ह्यांची आकडेवारी जमवतो. कुठे किती मोठी धरणं आहेत, कुठे किती पिकतं, किती लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत. हिशेब मांडल्यावर दिसतं की जिथे धरणं जास्त, तिथे उत्पादनही जास्त. तो निबंध लिहितो, नियतकालिकाकडे पाठवतो आणि काही महिने वाट बघतो. मग संपादकांचं पत्र येतं. नकार नाही, पण होकारही नाही. ‘परीक्षकांच्या शंकांचं निरसन करून पुन्हा पाठवा’ असा निरोप असतो, आणि सोबत परीक्षकांची टिपणं. त्यांपैकी एकात साधारण असा परिच्छेद असतो:

‘धरण कुठे बांधायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. ज्या जिल्ह्याचं राजकीय वजन जास्त, जिथले बागायतदार मुंबई-दिल्लीपर्यंत पोचलेले, तिथे धरण लवकर मंजूर होतं. असे जिल्हे धरणाशिवायही पुढे गेलेच असते. तेव्हा लेखकांना जो परिणाम धरणाचा वाटतो, तो मुळात त्या जिल्ह्याच्या वजनाचा नाही कशावरून?’

परिच्छेद चार-पाच ओळींचा असतो, पण निबंधाचा पायाच उखडायला तेवढा पुरतो. अर्थशास्त्राच्या भाषेत परीक्षक म्हणतो आहे की तुमचा मुख्य चल, म्हणजे धरणांची संख्या, बहिर्जात नाही. ती बाहेरून, पिकाशी संबंध नसलेल्या कारणांनी ठरलेली नाही. जे पीक वाढवतं, तेच धरणही आणतं. अशा वेळी आकडेवारीतला संबंध खरा असला तरी त्याचा अर्थ खोटा निघू शकतो.

या शंकेला उत्तर कसं देतात हे समजून घ्यायला एक खरा निबंध हाताशी आहे. एस्तेर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांचा ‘डॅम्स’ हा भारतातल्या धरणांवरचा निबंध २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. त्यापैकी डुफ्लो यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षकांशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय असतो, त्यामुळे वरचा परिच्छेद मी रचलेला आहे. उत्तरं मात्र त्या निबंधातली आहेत. चांगल्या निबंधात ही उत्तरं परीक्षकाने विचारायच्या आधीच पेरलेली असतात.

आधी जी उत्तरं चालत नाहीत त्यांच्याबद्दल, कारण नवे संशोधक हमखास तिथेच जातात.

पहिलं उत्तर असं: ‘आम्ही तपासून पाहिलं. आमच्या समीकरणात जो भाग उरतो, ज्याचं स्पष्टीकरण मिळत नाही, त्याचा आणि धरणांच्या संख्येचा काहीही सहसंबंध नाही. तो नेमका शून्य आहे.’ वाचायला हे बिनतोड वाटतं. पण समीकरण ज्या रीतीने बसवतात त्या रीतीतच तो शून्य ठरलेला असतो. नेहमीची लघुतम वर्ग पद्धत उरलेला भाग असाच काढते की त्याचा चलाशी सहसंबंध उरू नये. आकडे कुठलेही घ्या, धरणांच्या जागी जिल्ह्यातल्या चित्रपटगृहांची संख्या टाका, उत्तर शून्यच येईल. परीक्षक विचारतो आहे तो न दिसणाऱ्या कारणांबद्दल, आणि लेखक दाखवतो आहे तो स्वतःच्या गणिताचा गुणधर्म. अशा उत्तरानंतर संपादकांचा लेखकावरचा विश्वास उडतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

दुसरं उत्तर जरा हुशारीचं: ‘आम्ही यंदाच्या पिकाशी पाच वर्षांपूर्वीच्या धरणांची तुलना केली. यंदाचं पीक पाच वर्षं मागे जाऊन धरण बांधू शकत नाही.’ खरंच बांधू शकत नाही. पण जिल्ह्याचं राजकीय वजन पाच वर्षांत बदलत नाही. ते तेव्हाही होतं आणि आजही आहे. त्याने तेव्हा धरण आणलं आणि आज ते रस्ते, वीज, पतपुरवठा आणतं आहे. चल मागे सरकवला तरी शंका त्याच्याबरोबर मागे सरकते.

मग काय करायचं? शंका मान्य करून कामाला लागायचं. परीक्षकाचं म्हणणं नेमकं कोणत्या वाटेने खरं ठरेल ते लिहून काढायचं आणि एकेक वाट बंद करत जायचं.

जिल्ह्याजिल्ह्यात जे कायमचे फरक असतात, माती, हवामान, जुनी पाटबंधाऱ्यांची परंपरा, ती पहिली वाट. ही बंद करणं सोपं असतं. प्रत्येक जिल्ह्याची तुलना दुसऱ्या जिल्ह्याशी न करता त्याच्याच आधीच्या वर्षांशी करायची. राज्य सरकारचं धोरण ही दुसरी वाट. एखाद्या वर्षी महाराष्ट्रात खताचं अनुदान वाढलं, त्याच सुमारास धरणंही वाढली, तर कशाचा परिणाम कशाला चिकटला हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक राज्याचं प्रत्येक वर्ष वेगळं काढून एकाच राज्यातल्या, एकाच वर्षातल्या जिल्ह्यांची आपापसात तुलना करायची. डुफ्लो-पांडे यांनी १९७१ ते १९९९ या काळातल्या शेतीच्या आकडेवारीवर हे दोन्ही केलं.

तरीही एक वाट उघडी राहते, आणि परीक्षकाचा रोख तिच्यावरच आहे. एकाच राज्यातला एखादा जिल्हा त्या वर्षांत वर येत होता म्हणून त्याला धरण मिळालं, तर वरच्या दोन्ही उपायांचा उपयोग नाही.

इथे चांगला संशोधक एक गोष्ट आवर्जून लिहितो, ती म्हणजे चूक कोणत्या दिशेने होईल. परीक्षकाने धरलं आहे की धरणं वजनदार जिल्ह्यांकडे जातात, म्हणजे परिणाम फुगवून दिसेल. पण दुष्काळी भागाला पाणी द्यायचं म्हणूनही धरणं बांधली जातात. धरण जर मागे पडत चाललेल्या जिल्ह्याला मिळत असेल, तर परिणाम उलट कमी दिसेल. कोणती ओढ जास्त ते घरात बसून सांगता येत नाही. म्हणजे ‘चूक असली तरी ती आमच्या विरोधातच जाते’ असं म्हणून सुटायची सोयही उरत नाही.

म्हणून मग इन्स्ट्रुमेंट शोधावं लागतं: जे धरणांची संख्या हलवतं, पण पिकावर दुसऱ्या कुठल्याही मार्गाने परिणाम करत नाही असं काहीतरी. डुफ्लो-पांडे यांनी ते नदीच्या उतारात शोधलं.

पाटबंधाऱ्याचं धरण बांधायला नदीला थोडा उतार लागतो. अगदी सपाट पात्रात पाणी अडवलं तर ते दूरवर पसरतं आणि कालव्यात आपोआप वाहत नाही. शंभर मीटरला दीड ते तीन मीटर उतार असेल तर ते सिंचनाच्या धरणाला सोयीचं. तीन ते सहाच्या दरम्यान अडचण वाढते, कारण तीव्र उतारावर पाण्याचा वेग कालवे खाऊन टाकतो. सहाच्या वर गेलं की पुन्हा धरणं वाढतात, पण ती विजेसाठी, कारण विजेला उंचावरून पडणारं पाणीच हवं. म्हणजे उतार आणि धरणांची संख्या यांचं नातं सरळ नाही: आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर. या वाकडेपणाचा उपयोग पुढे होतो.

आता एक तांत्रिक अडचण. नदीचा उतार वर्षानुवर्षं तोच राहतो आणि आपण तर प्रत्येक जिल्ह्याची त्याच्याच आधीच्या वर्षांशी तुलना करतो आहोत. जे बदलत नाही ते त्या तुलनेत गळून पडतं. म्हणून उताराला काळाबरोबर बदलणाऱ्या कशाने तरी गुणावं लागतं, आणि साहजिक उमेदवार म्हणजे त्या राज्यात त्या वर्षापर्यंत झालेली धरणं. राज्यात शंभर नवी धरणं व्हायची असतील तर ती सोयीच्या उताराच्या जिल्ह्यांत जास्त होतील, इतकाच तर्क.

पण जागरूक परीक्षक इथे हात वर करतो. राज्याने किती धरणं बांधली हेही राज्याच्या भरभराटीवरच अवलंबून असेल ना? निबंधातलं उत्तर मला फार आवडतं. त्यांनी राज्याने प्रत्यक्ष बांधलेली धरणं घेतलीच नाहीत. १९७० साली देशातल्या एकूण धरणांत त्या राज्याचा वाटा किती होता तो घेतला आणि पुढे दरवर्षीच्या देशभरच्या आकड्याला त्या जुन्या वाट्याने गुणलं. समजा १९७० साली देशातल्या दर १०० धरणांपैकी २० एका राज्यात होती. पुढे कधीतरी देशाचा आकडा ३,००० झाला, तर त्या राज्याच्या नावावर ६०० मांडायची. प्रत्यक्षात ८०० बांधली असोत की ४००, हिशेबात ६००च. १९७० नंतर त्या राज्यात कोण मुख्यमंत्री झाला, कुणी कुणाला धरण मिळवून दिलं, याचा या आकड्यावर जवळजवळ परिणाम नाही.

आता परीक्षकाची दुसरी फेरी. ‘ठीक आहे. पण उताराचा शेतीशी थेट संबंध आहेच की. सपाट जमिनीवर ट्रॅक्टर चालतो, रस्ते स्वस्तात होतात, संकरित बियाणं आधी पोचतं. त्या तीस वर्षांत हे सगळं बदलत होतं.’ शंका रास्त आहे. तिला दोन भागांत उत्तर आहे. एक तर प्रत्येक वर्षी उताराचा शेतीवर स्वतःचा काय परिणाम होतो त्याला समीकरणात स्वतंत्र जागा दिली. जिल्ह्याचा एकूण उतार, उंची, नद्यांची लांबी यांचाही हिशेब धरला. म्हणजे ट्रॅक्टरचा फायदा देशभरच्या सपाट जिल्ह्यांना सारखा झाला असेल तर तो आधीच वजा झाला. उरतो तो एवढाच प्रश्न: एकाच उताराचे दोन जिल्हे, एक धरणं बांधण्यात पुढे असलेल्या राज्यात आणि एक मागे असलेल्या राज्यात, काळ गेला तसा पहिला दुसऱ्यापेक्षा वेगळा वागला का? महाराष्ट्र पहिल्या गटातला, देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्याकडेच आहेत.

दुसरा भाग त्या वाकडेपणाचा. परीक्षकाला दुसरं एखादं कारण सुचवायचं असेल तर त्या कारणानेही तसंच वळण घ्यायला हवं: दीड ते तीनला फायदा, तीन ते सहाला तोटा, सहाच्या वर पुन्हा फायदा, आणि तेही फक्त १९७० साली धरणं जास्त असलेल्या राज्यांत. ट्रॅक्टर असा वागत नाही. रस्ते तर नाहीतच. अशक्य आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, पण आता शंका सिद्ध करायचा भार परीक्षकाकडे सरकतो. माझ्या मते अशा उत्तरात सगळ्यात जास्त जागा या भागाला द्यावी आणि कोष्टकांना कमी.

मग निष्कर्ष काय निघाला? धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत शेतीचं उत्पादन वाढलं, आणि पाऊस चुकला तरी पूर्वीइतकी पडझड होईना. धरण ज्या जिल्ह्यात आहे तिथली वाढ मात्र इतकी लहान, की ती योगायोगापासून वेगळी काढता येत नाही. उलट तिथल्या उत्पादनातले चढउतार वाढले. ग्रामीण दारिद्र्य खालच्या जिल्ह्यांत घटलं आणि धरणाच्या जिल्ह्यात वाढलं.

याचं चित्र आपल्याला जायकवाडीत दिसतं. धरण पैठणला, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. नाथसागराखाली जमिनी गेल्या त्या त्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या नगरच्या. डावा कालवा निघाला तो जालना, परभणीकडे, उजवा बीडकडे. ज्याची जमीन बुडते आणि ज्याच्या शेतात पाणी येतं ते दोघे वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहतात. जलाशयाच्या वरच्या भागात पाणी उपसण्यावर बंधनं येतात, काठच्या जमिनी चिबड होतात, हेही धरणाच्या आसपासच्यांच्या वाट्याला. निष्कर्षाचा हा आकार परीक्षकाच्या मूळ शंकेविरुद्धही बोलतो. वजनदार जिल्ह्यांनी धरणं पळवली असती आणि दिसणारा परिणाम फक्त वजनाचा असता, तर भरभराट धरणाच्या जिल्ह्यात दिसायला हवी होती. ती दिसते खाली.

पण हे उत्तर किती ताणायचं यालाही मर्यादा आहे, आणि ती लेखकाने स्वतः लिहिलेली बरी. जिल्हा हे माप फार मोठं आहे. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. ते अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, आदिवासी वस्तीच्या भागात. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला तो खाली राहाता, श्रीरामपूरच्या बाजूला. दोन्ही टोकं एकाच नगर जिल्ह्यात. जिल्ह्याची सरासरी काढली की अकोल्याचं नुकसान आणि श्रीरामपूरचा फायदा एकमेकांत मिसळून जातात. ‘धरणाच्या जिल्ह्यात फारसा फायदा नाही’ या वाक्याच्या पोटात अशी दोन गावं शेजारी शेजारी बसलेली असू शकतात.

दुसरी मर्यादा इन्स्ट्रुमेंटच्या स्वभावातली आहे. उताराच्या आधाराने आपण मोजतो तो उतारामुळे झालेल्या धरणांचा परिणाम. जागा सोयीची नसताना केवळ एखाद्या मंत्र्याच्या आग्रहाने जे धरण झालं, त्याच्याबद्दल हा हिशेब काही सांगत नाही. ते धरण याहून वाईट ठरलं असेल, अशी माझी आपली अटकळ. तेव्हा परीक्षकाने ‘तुमचा निष्कर्ष सगळ्या धरणांना लागू आहे का?’ असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ हेच आहे, आणि निबंधाच्या शीर्षकापासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत तसं दिसायला हवं.

आणि शेवटी ते कबूल करावंच लागतं जे कुठल्याच कोष्टकाने सिद्ध होत नाही. उतार पिकावर धरणाशिवाय दुसऱ्या मार्गाने परिणाम करत नाही, हे गृहीतक आहे. त्यासाठी चाचण्या नाहीत असं नाही. एकाहून जास्त इन्स्ट्रुमेंट असतील तर त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का हे तपासता येतं. पण ती चाचणी सगळीच इन्स्ट्रुमेंट सारखी खोटी असतील तर गप्प बसते. साध्या हिशेबाचं आणि इन्स्ट्रुमेंटच्या हिशेबाचं उत्तर ताडून पाहणारी चाचणीही असते. ती इन्स्ट्रुमेंट खरं आहे असं आधीच धरून चालते, म्हणजे ज्याबद्दल भांडण आहे तेच तिने गिळलेलं असतं. ‘चाचणी केली, पास झालो’ एवढंच लिहून पाठवणाऱ्याला परीक्षक ओळखतो.

म्हणून उत्तराचा मसुदा साधारण असा होतो. आधी परीक्षकाची शंका त्याच्याच शब्दांत पुन्हा मांडायची, शक्य तर त्याने मांडली त्याहून धारदार करून. मग ‘ही शंका बरोबर आहे, आमच्या पहिल्या मसुद्यातला हिशेब तिला उत्तर देत नव्हता’ असं सरळ लिहायचं. मग कोणती वाट कशाने बंद झाली, कोणती गृहीतकाच्या भरवशावर सोडली, आणि ते गृहीतक किती चुकलं तर निष्कर्ष कोसळेल याचा आकडा. शेवटी निबंधात नेमकं कुठे काय बदललं, पान आणि परिच्छेदासह, कारण पत्र परीक्षकाला उद्देशून असलं तरी निर्णय संपादकांचा असतो आणि त्यांना सगळा निबंध पुन्हा वाचायला वेळ नसतो. ‘धरणांमुळे उत्पादन वाढतं’ हे वाक्य अशा फेरीत बहुधा टिकत नाही. त्याच्या जागी ‘सोयीच्या उतारामुळे बांधलेल्या धरणांनी खालच्या जिल्ह्यांत उत्पादन वाढवलं’ असं लांबलचक वाक्य येतं.

डुफ्लो-पांडे यांच्या निबंधाचा आधीचा मसुदा २००५ साली अमेरिकेतल्या ‘नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च’च्या मालिकेत आला होता. त्याच्या सारांशात मोठ्या धरणांनी एकंदरीत दारिद्र्य वाढवलं असं ठाम विधान होतं. दोन वर्षांनी छापलेल्या निबंधाच्या सारांशात ते नाही. तिथे खालचे जिल्हे आणि धरणाचे जिल्हे असं वेगवेगळं सांगितलं आहे, आणि नुकसान झालेल्यांना बाजाराने किंवा सरकारी यंत्रणेने सावरलं नाही असं म्हटलं आहे.

या धरणांचा पुढे आणखी एक उपयोग झाला, आणि तो नेमका अशीच एक शंका तपासायला. २००४ साली एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ आणि अर्नेस्ट सर्जेंटी यांनी आफ्रिकेतल्या ४१ देशांच्या आकडेवारीवर दाखवलं होतं की उत्पन्न घटलं की यादवी युद्धाची शक्यता वाढते. त्यांचं इन्स्ट्रुमेंट होतं पाऊस. पाऊस कुणाच्या सांगण्यावरून पडत नाही, तेव्हा तो बहिर्जात, याबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका होती ती दुसरीच: पाऊस भांडणापर्यंत फक्त उत्पन्नाच्याच वाटेने पोचतो का? हेदर सार्सन्स यांनी २०१५ साली ती भारतात तपासली. धरणाच्या खालच्या जिल्ह्यांत कालव्याचं पाणी असतं, पाऊस चुकला तरी तिथलं उत्पन्न फारसं हलत नाही. पाऊस फक्त उत्पन्नामार्गे दंगली घडवत असेल, तर या जिल्ह्यांत पावसाचा आणि दंगलींचा संबंध पुसट व्हायला हवा होता. तो पुसट झाला नाही. उत्पन्न जागेवर होतं आणि तरी कमी पावसाच्या वर्षी दंगलींचे आकडे तिथेही तसेच वाढलेले दिसले. म्हणजे पाऊस दंगलीपर्यंत आणखी कुठल्यातरी वाटेनेही जातो, शेजारच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून येणाऱ्या माणसांमार्फत असेल किंवा आणखी कशाने. आणि पावसाचं इन्स्ट्रुमेंट वापरणाऱ्या प्रत्येक निबंधाला तेव्हापासून या आक्षेपाचं उत्तर द्यावं लागतं.